जुन्या दहाचाकीसाठी 12 लाखांचे कर्ज: पावसाळ्यातील हप्त्यांसाठी किती रक्कम बाजूला ठेवावी?

उसाची_गाडी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक दहाचाकी ट्रक असून त्यावरचे कर्ज पूर्वीच फिटलेले आहे. आता 2018 सालची दुसरी दहाचाकी 17 लाखांत मिळत आहे. माझ्याजवळ 7 लाख रुपये आहेत. एक खासगी वित्त कंपनी 12 लाख रुपये 48 महिन्यांसाठी, दहा टक्के दराने द्यायला तयार असून हप्ता 35,000 रुपये येतो. आमच्या अहिल्यानगर भागात नोव्हेंबर ते मार्च ऊस आणि त्यानंतर एप्रिल-मे कांदा, असे साधारण सात महिने काम भरपूर असते. जून ते सप्टेंबर मात्र गाडी अनेकदा उभी राहते.

डिझेल, टोल, चालकाचा पगार व भत्ता, दलाली आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाता सध्याच्या गाडीतून हंगामात महिन्याला सुमारे 85,000 रुपये उरतात. मे आणि ऑक्टोबरमध्ये 55,000, जूनमध्ये 30,000, जुलै व ऑगस्टमध्ये प्रत्येकी 15,000 आणि सप्टेंबरमध्ये 25,000 उरतात. याची बारा महिन्यांची सरासरी हप्त्यापेक्षा बरीच जास्त येते. घरखर्च जुन्या गाडीवर चालतो. हप्त्यांसाठी किती रक्कम राखून ठेवावी, एवढाच माझा प्रश्न आहे. गाडी मे महिन्याच्या अखेरीस घेतली, तर विकणारा 40,000 रुपये कमी करण्यास तयार आहे.

सरळमार्गी

दादा, तीन हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवा आणि निश्चिंत राहा. तीन हप्ते थकेपर्यंत गाडीला कोणी हात लावत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेने आता मुदतीआधी कर्ज फेडण्यावरचा दंड काढून टाकला आहे, त्यामुळे हंगामात महिन्याला दोन-दोन हप्ते भरत गेलात, तर पावसाळ्याची चिंताच उरणार नाही.

वसुलीतून_निवृत्त

मी व्यावसायिक वाहनांच्या कर्जवसुलीत बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सरळमार्गी यांची दोन्ही विधाने अर्धी बरोबर आहेत. रिझर्व्ह बँकेचा आदेश 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू आहे आणि तो बदलत्या व्याजदराच्या कर्जांसाठी आहे. जुन्या ट्रकची कर्जे बहुधा स्थिर दराची असतात, त्यामुळे तेथे करारात जे लिहिले आहे तेच चालते. दोन-दोन हप्ते भरण्याबाबतही करार वाचूनच ठरवावे. अनेक ठिकाणी जादा भरलेली रक्कम मुद्दलातून वजा न होता पुढच्या हप्त्यांसाठी जमा धरली जाते. त्याने व्याज कमी होत नाही आणि तुमचा पैसा मात्र कंपनीकडे अडकतो. गिअरबॉक्स गेला तर ती रक्कम परत मागता येत नाही.

थकबाकीबद्दल सांगायचे, तर मोजणी हप्त्यांची होत नाही, दिवसांची होते. पहिल्या दिवसापासून खाते थकीत दाखवले जाते, तीस आणि साठ दिवसांनंतर त्याचा वर्ग बदलतो आणि 90 दिवसांपुढे ते अनुत्पादक ठरते. एकदा तेथे गेल्यावर एखादा हप्ता भरून खाते पूर्ववत होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. चार महिन्यांच्या मंदीत हे गाठणे मुळीच अवघड नाही. गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार कधी आणि किती दिवसांच्या नोटिशीनंतर वापरता येतो, हे करारातील कलमावर अवलंबून असते आणि ते कलम 90 दिवसांची वाट पाहतेच असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सरासरी काढणे येथे उपयोगाचे नाही. तुम्ही दिलेले आकडे जोडले, तर वर्षाला 7,05,000 रुपये होतात आणि हप्त्यांचे 4,20,000 वजा केल्यावर 2,85,000 उरतात. कागदावर हे छानच दिसते. जून ते सप्टेंबर वेगळे काढून पाहा. चार हप्ते 1,40,000 रुपयांचे आणि मिळकत 85,000 रुपयांची, म्हणजे 55,000 रुपयांचा खड्डा. हा खड्डा तीन हप्त्यांत बसतो, म्हणून "तीन हप्ते ठेवा" हा सल्ला रूढ झाला असावा.

पण वर्षातून एकदाच येणारे खर्च यात धरलेलेच नाहीत. या गाडीचा विमा कोणत्या महिन्यात संपतो आणि पासिंग कधी आहे, ते आधी सांगा. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षे पूर्ण झाल्यावर पासिंग दोन वर्षांनी न होता दरवर्षी करावे लागते, आणि 2018 चे मॉडेल आता त्या उंबरठ्यावर आहे.

माळरान

आमच्या गावात सहामाही हप्ते आहेत. पीक निघाले की भरायचे. तुम्हीही कंपनीकडे तसेच मागा, मग राखीव रकमेची गरजच राहणार नाही. माझ्या भावाचे कर्ज याच पद्धतीने सुरळीत चालले आहे.

वसुलीतून_निवृत्त

माळरान, तुमच्या भावाचे कर्ज बहुधा ट्रॅक्टरचे असावे. शेतीच्या कर्जात सहामाही हप्ते असतात, मालवाहू ट्रकला ते सहसा मिळत नाहीत. पावसाळ्यात लहान आणि हंगामात मोठे हप्ते आखून देणाऱ्या काही कंपन्या आहेत, पण ते कर्ज मंजूर होतानाच ठरते. करारावर सही झाल्यानंतर जुलैमध्ये जाऊन तशी मागणी केली, तर ती पुनर्रचना समजली जाते आणि त्याचा परिणाम तुमच्या पतनोंदीवर होतो. म्हणून उसाची_गाडी यांनी ही मागणी आत्ताच लेखी करून पाहावी. नकार मिळाला तरी नुकसान काहीच नाही.

उसाची_गाडी

विमा ऑगस्टमध्ये संपतो आणि पासिंग जुलैमध्ये आहे. विमा साधारण 70,000 पर्यंत जाईल. पासिंगची रंगरंगोटी व दुरुस्ती, कर आणि 16,500 रुपयांचे नॅशनल परमिट मिळून 45,000 धरतो. टायरसाठी वर्षाला एक लाख लागतात, पण ती खरेदी मी हंगामातच करतो.

कंपनीने आज मुख्य तपशिलांचे पत्रक दिले. त्यात वार्षिक दर 19.6 टक्के लिहिला आहे. प्रतिनिधी मात्र तोंडाने अजूनही दहा टक्केच म्हणतो आहे. तसेच 12 लाखांतून 24,000 रुपये प्रक्रिया शुल्क आणि 18,000 रुपये कर्जदाराच्या जीवनविम्याचे कापून 11,58,000 रुपयेच विकणाऱ्याला मिळतील असे दिसते. हे योग्य आहे का?

वसुलीतून_निवृत्त

दोघेही आपापल्या परीने खरेच सांगत आहेत. दहा टक्के हा सपाट दर आहे, म्हणजे चारही वर्षे पूर्ण 12 लाखांवर व्याज लावले आहे. वर्षाला 1,20,000 प्रमाणे 4,80,000 व्याज आणि 12 लाख मुद्दल मिळून 16,80,000 होतात, त्याला 48 ने भागले की 35,000 येतात. प्रत्यक्षात तुमचे मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, त्यामुळे घटत्या शिलकीवर हाच दर सुमारे 17.6 टक्के पडतो. त्यात कापलेले 42,000 धरले की तो 19.6 वर जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून हे पत्रक देणे बंधनकारक झाले आहे, म्हणून हा आकडा तुमच्या डोळ्यांसमोर तरी आला. दोन कंपन्यांची तुलना करायची असेल, तर याच आकड्यावरून करावी.

जीवनविम्याबद्दल "हे ऐच्छिक आहे का" असे लेखी विचारा. माझ्या अनुभवात असा लेखी प्रश्न गेल्यावर ती रक्कम बऱ्याचदा वगळली जाते.

तुमच्या राखीव रकमेच्या दृष्टीने या 42,000 रुपयांचा अर्थ वेगळाच आहे. विकणाऱ्याला 17 लाख द्यायचे आहेत आणि कर्जातून 11,58,000 येणार आहेत, म्हणजे खिशातून 5 लाख नव्हे, 5,42,000 जाणार. नाव बदलणे, कर्जाचा बोजा आरसीवर चढवणे आणि एजंटचा खर्च वेगळा. 7 लाखांतून 2 लाख शिल्लक राहतील असे तुम्ही धरले असाल, तर ते पहिल्याच दिवशी दीड लाखाच्या खाली येतात आणि या घेतलेल्या गाडीचे पहिले दुरुस्तीचे काम निघाले की आणखी खाली जातात.

खड्ड्याचा हिशेब आता पुरा होतो. चार महिन्यांची तूट 55,000, विमा 70,000, पासिंग-परमिट-कर 45,000, असे 1,70,000 झाले. ऑक्टोबरमध्ये काम सुरू होते, पण त्या कामाचे पैसे नोव्हेंबरात हाती येतात, म्हणून आणखी एक हप्ता 35,000 धरा. एकूण 2,05,000 रुपये दरवर्षी 31 मे रोजी तुमच्याकडे वेगळ्या खात्यात असायला हवेत. शेवटचे 35,000 हा खर्च नव्हे. ते नंतर परत येतात, पण त्या दिवशी खात्यात नसले तर हप्ता परत जातोच.

हे जमते का, तेही पाहा. नोव्हेंबर ते एप्रिल हप्ता देऊन महिन्याला 50,000 प्रमाणे 3,00,000 आणि मेचे 20,000, असे 3,20,000 उरतात. टायरचे 1,00,000 गेले की 2,20,000. म्हणजे राखीव रक्कम भरल्यावर हातात 15,000 राहतात. गाडी चालेल, पण एका महिन्याचा खंडही तिला परवडणार नाही. वाहतूक आंदोलन असो किंवा चालक गावी जाऊन बसणे असो, परिणाम सारखाच.

सरळमार्गी

एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. सातही लाख रुपये गाडीत घाला आणि कर्जच कमी घ्या. एवढ्या चढ्या व्याजाचे कर्ज घेऊन स्वतःचे दोन लाख बँकेत सहा-सात टक्क्यांवर ठेवणे, हा कोणता शहाणपणा?

बिल्टी_बुक

सरळमार्गी दादा, व्याजाचे गणित तुम्ही बरोबर मांडले आहे. आमच्या घरात दोन गाड्यांचा हिशेब मीच ठेवते आणि आम्ही पहिली गाडी अशीच सगळी पुंजी घालून घेतली होती. दोन लाख जास्त घातले, तर याच दराने हप्ता सुमारे 5,800 रुपयांनी कमी होतो. चार मंद महिन्यांत त्यातून 23,000 रुपयांच्या आसपास वाचतात. खड्डा दोन लाखांचा असताना हा आधार अपुराच आहे. उरलेल्या पैशांसाठी मग ओळखीच्या माणसाकडून महिन्याला तीन टक्क्यांनी उचल घ्यावी लागते, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. दोन लाख हाताशी ठेवण्याची किंमत चार वर्षांत 80,000 रुपये व्याज आहे, हे मान्य, पण त्यातले काही मुदत ठेवीतून परत येते. मी ती किंमत विम्याच्या हप्त्यासारखी समजते.

माझी पद्धत सांगते. महिनाअखेरीस उरलेले बाजूला टाकू म्हटले, तर काहीच उरत नाही. म्हणून प्रत्येक खेपेचा हिशेब होताच रक्कम वेगळी काढते. उसाच्या पंधरवड्याच्या बिलातून कारखाना उचल कापून जी रक्कम देतो, तिचा ठरलेला भाग त्याच दिवशी दुसऱ्या बँकेतील खात्यात जातो. त्या खात्याचे एटीएम कार्ड आम्ही घेतलेलेच नाही. कांद्याच्या भाड्यात दलाल ॲडव्हान्स देतो आणि बाकी पोच मिळाल्यावर. ही बाकी हाती येईपर्यंत मी ती मिळकत धरतच नाही. गेल्या वेळी एका व्यापाऱ्याने मालात घट दाखवून भाड्यातून 9,000 कापले आणि ते पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

आणखी एक गोष्ट. हप्त्याची तारीख कोणती आहे? आमची 5 तारीख होती आणि कारखान्याचे बिल महिन्याच्या दहा-बारा तारखेला जमा व्हायचे. हंगाम जोरात असूनही हप्ता दोनदा परत गेला आणि कंपनीचा व बँकेचा असे दोन्हीकडून शुल्क बसले. तारीख सही करण्यापूर्वी बदलून घेणे सोपे असते, नंतर मागे लागावे लागते.

सुका_माल

सगळे जण खड्डा भरण्याचेच बोलत आहेत. तो खणलाच जाऊ नये, असे पाहावे. साखर कारखान्यांना दर महिन्याला विक्रीचा कोटा ठरवून दिलेला असतो, त्यामुळे साखरेची पोती पावसाळ्यातही बाहेर पडतातच. ज्या कारखान्याला ऊस वाहता, तेथेच जुलै-ऑगस्टच्या साखरेसाठी शब्द टाका. महिन्याला दोन लांबच्या खेपा मिळाल्या, तरी हप्त्याचा मोठा भाग निघतो.

बिल्टी_बुक

साखरेचे भाडे चांगले असते, पण ताडपत्री नवी हवी आणि फाळक्याच्या फटी बुजवलेल्या हव्यात. पोती ओली उतरली, की पोच पावतीवर शेरा येतो आणि भरपाई भाड्यातूनच कापली जाते. शिवाय त्या महिन्यांत सगळेच उभे असल्याने एका भाड्यामागे पाच गाड्या असतात. उसाची_गाडी दादांनी दिलेले 15,000 चे आकडे एका गाडीचे आहेत. पावसाळ्यात दोन गाड्यांना मिळून तेवढेच काम मिळाले, तर नव्या गाडीचा आकडा त्याच्या निम्माच धरावा लागेल. हा प्रश्न मला हप्त्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

वसुलीतून_निवृत्त

ताईंचा मुद्दा माझ्या हिशेबातून सुटला होता. जून ते सप्टेंबरची मिळकत 85,000 ऐवजी 42,500 धरली, तर गरज 2,05,000 वरून 2,47,500 वर जाते आणि हंगामातील 2,20,000 तिला पुरत नाहीत. तेव्हा घराकडून, म्हणजे जुन्या गाडीकडून, टेकू लागणार.

मे महिन्यातील 40,000 च्या सवलतीबद्दलही याच नजरेने पाहा. मे अखेरीस गाडी घेतली, तर पहिला हप्ता जूनअखेरीस किंवा जुलैत येतो आणि हंगामाची कमाई एक रुपयाही जमा झालेली नसते. सवलत 40,000 ची, पण पहिल्याच पावसाळ्यात विमा आणि पासिंगसह दोन लाखांहून अधिक रक्कम मूळ भांडवलातून काढावी लागेल, आणि तुमच्याजवळ त्या वेळी सवलत धरूनही दोन लाख नसतील. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गाड्यांचे भाव चढतात हे खरे, तरीही तेव्हा घेतलेली गाडी राखीव रक्कम स्वतः कमावून पावसाळ्यात शिरते. त्यातही विमा आणि पासिंग विकणाऱ्याने नुकतेच केलेले असेल, म्हणजे आणखी 1,15,000 रुपयांचा खर्च वर्षभर पुढे जातो. मी असतो तर 40,000 सोडून दिले असते.

सरळमार्गी

ऑक्टोबरपर्यंत ही गाडी राहील याची हमी कोण देणार? चांगल्या बॉडीची, एका मालकाची गाडी रोज मिळत नाही. मला अजूनही वाटते की माल हातचा घालवू नये, भाव आणखी पाडून घ्यावा.

उसाची_गाडी

सर्वांचे आभार. आज कंपनीशी बोललो. जीवनविमा ऐच्छिक असल्याचे त्यांनी ईमेलवर मान्य केले, म्हणजे 18,000 सुटले. हप्त्याची तारीख 15 करून देतील. पावसाळ्यातील लहान हप्त्यांना मात्र नकार दिला. त्याऐवजी 48 ऐवजी 60 महिने घेतल्यास त्याच सपाट दराने हप्ता 30,000 येईल, असे सुचवले. चार मंद महिन्यांत 20,000 वाचतील, पण एकूण व्याज 4,80,000 वरून 6,00,000 होईल आणि गाडीचे वयही वाढलेले असेल. नॅशनल परमिट दोनपेक्षा जास्त अक्षांच्या गाडीला पंधरा वर्षांपर्यंत मिळते, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही, तरी मी 48 वरच राहण्याच्या विचारात आहे.

विकणाऱ्याला मी दोन पर्याय दिले आहेत. एक म्हणजे मे अखेरीस, पण विमा आणि पासिंग त्याने स्वतः करून द्यायचे आणि 40,000 ची सवलत मी सोडायची. दुसरा म्हणजे सप्टेंबर अखेरीस पूर्ण 17 लाखांत, ही कामे झालेली असताना. त्याचे उत्तर आलेले नाही. पावसाळ्यात दोन गाड्यांना किती काम मिळेल, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. यंदा जूनमध्ये जुन्या गाडीसाठी साखरेच्या खेपा शोधून पाहणार आहे.

वसुलीतून_निवृत्त

पहिल्या पर्यायातही हिशेब तपासून घ्या. विमा आणि पासिंग त्याच्याकडे गेले, तर पहिल्या पावसाळ्याची गरज पहिल्या वर्षापुरती 2,47,500 वरून 1,32,500 वर येते. 7 लाखांतून विकणाऱ्याचे आणि शुल्काचे 5,24,000 आणि नाव बदलण्याचा खर्च गेल्यावर ती जेमतेम भागते, टायर किंवा क्लचचे काम निघाले नाही तर. नवा विमा त्याच्या नावाने निघाला, तर गाडी तुमच्या नावावर होताच पॉलिसीही चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि विकणाऱ्याच्या आरसीवर आधीचा बोजा असेल, तर त्या कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हाती येईपर्यंत इसाऱ्यापलीकडे एक रुपयाही देऊ नका.

बिल्टी_बुक

दादा, जून-जुलैमध्ये साखरेचे भाडे कसे मिळाले ते येथे लिहा. आमच्याकडेही दुसऱ्या गाडीचे पावसाळ्यात काय करावे, हे अजून ठरलेले नाही.